मोकळं चाक

आमच्या भागातल्या त्या बोळात रिक्षा घालू द्यायची नाही, असं ठरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोळ सांगलीतला, बाजाराच्या मागचा, पुढं बंद. शेवटाला नळाजवळ थोडी रुंद जागा आहे, माझ्या रिक्षाच्या लांबीच्या जेमतेम अडीचपट. तेवढ्यात गाडी वळली तर वळली, नाहीतर उलटी मागं आणायची.

एका टेम्पोवाल्याला ती उलटी आणता आली नाही आणि त्यानं बोळाच्या तोंडाशी असलेल्या किराणावाल्या काकांच्या ओट्याचा कोपरा उडवला. काका तसे देवमाणूस, पण ओटा त्यांच्या वडिलांनी बांधलेला. त्यांचं डोकं फिरलं. म्हणाले, बोळाच्या तोंडाला आडवा लोखंडी पाईप बसवायचा, चालत जायचं ते जा, गाडी ती गाडी, मग चार चाकी असो की तीन चाकी. अर्ध्या बोळानं माना हलवल्या.

माझा निम्मा धंदा त्या बोळातला. शाळेची पोरं, भाजीवाल्या बायका आणि अगदी आतल्या घरातली चाची. चाचीचे गुडघे गेलेले, वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येते तेच नशीब. दवाखान्याला जायचं तर रिक्षा तिच्या दारात लागायला पाहिजे. पाईप बसला तर ती घरात अडकणार आणि मी स्टँडवर गिऱ्हाईकाची वाट बघत बसणार. मी गप्प बसणारी बाई नव्हे. काकांच्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं, टेम्पोचा गुन्हा माझ्या रिक्षाच्या माथी मारू नका. माझी गाडी शेवटाला एका दमात वळते, उलटी यावंच लागत नाही. काका म्हणाले, मग रविवारी सगळ्यांसमोर दाखव. दाखवते, म्हटलं.

आता मधे आला माझा दादा. फौजेत आहे, त्याच आठवड्यात सुट्टीवर आलेला. मी रिक्षा घेतल्यापासून त्याच्या जिवाला घोर. पुढं एवढंसं एकच चाक, पत्रा पातळ, बहीण एकटी चालवते, ट्रकनं ठोकरलं तर? शनिवारी त्यानं रिक्षा कुपवाडला नेली, ओळखीच्या वर्कशॉपात जाड पाईपचा गार्ड करून घेतला आणि पुढं बोल्ट मारून बसवला. चांगला हातभर पुढं आलेला, दोन्ही बाजूंनी मागं वळवलेला, वरून लाल रंग. म्हणाला, आता कोण बी हात लावून बघू दे. त्याचं तोंड इतकं खुललेलं की मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही तो रुबाब आवडला. कुपवाडहून घरी येणारा रस्ता सरळ, हँडल पूर्ण वळवायची वेळच आली नाही.

रविवारी सकाळी चाचीला तिच्या दारातच मागं बसवलं. आजूबाजूला सगळा बोळ जमलेला, दादा नळाजवळ हाताची घडी घालून उभा. पहिल्या गिअरमध्ये घेतली, सावकाश, आणि हँडल पार टोकाला वळवायला गेले तर खाडकन आवाज आला. हँडल मधेच अडलं. जोर लावला, तरी हलेना. रिक्षाचं नाक भिंतीकडं चाललं, ब्रेक मारावा लागला. रिव्हर्स घेतला, परत पुढं, परत खाडकन. त्या जागेत मी शिकाऊ पोरासारखी मागंपुढं करत बसले. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

काका शांतपणे म्हणाले, ‘‘झालं तर ताई. उद्या पाईप बसतोय. राग मानू नकोस.’’

मी तडक खाली उतरले, पुढं वाकून बघितलं. चाकावरचा मडगार्ड चाकाबरोबर वळतो, तो दादाच्या गार्डच्या बाजूच्या पाईपला जाऊन धडकत होता. पाईपचा रंग निघून तिथं पत्र्याचा ओरखडा उठलेला. सीटखालून पाने काढले. दादा पुढं आला.

‘‘गार्डला हात लावू नगं. तुझ्यासाठी बसवलाय त्यो.’’

‘‘व्हय, माझ्यासाठी बसवलास,’’ मी म्हटलं, ‘‘आन माझंच चाक अडवलंस.’’

तो तरीही मधे उभा. मग मी त्याला तिथंच सांगितलं, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. मोटारीला पुढं दोन चाकं असतात, दांड्यांनी एकमेकांना बांधलेली. ती थोडी वळली की आतून घासायला लागतात, आणि बऱ्याच मोटारींत मधली जागा इंजिनानंच अडवलेली. माझ्या रिक्षाला पुढं एकच चाक, ते सरळ हँडलला जोडलेलं, आजूबाजूला कसलीच अडचण नाही. इंजिन मागं, दोन चाकांच्या मधे, तिथल्या तिथं त्यांनाच फिरवतं. लहान आहे म्हणून तर मागं मावतं. तीन-चार माणसं घेऊन गावात फिरायचं, त्याला मोठं करायचंय काय? इंजिन लहान म्हणून गाडी हलकी, गाडी आखूड, आणि पुढचं चाक जवळजवळ आडवं होईपर्यंत वळतं. मग आतलं मागचं चाक जागच्या जागी फिरल्यासारखं फिरतं आणि बाहेरचं त्याला वळसा घालतं. जोरात घेतली तर कलंडणार, हे मलाही माहीत आहे, म्हणून मी वळणावर चालण्याच्या वेगानं जाते. ट्रकसमोर हिचं लोखंड टिकणार नाही, दादा, कितीही लाव. ही वाचते ती वेळेवर वळते म्हणून.

‘‘आन तुला ठोकरलं म्हंजे?’’ दादा म्हणाला. तेव्हा कळलं, त्याला गार्डचं काही नव्हतं, त्याला माझ्या जिवाची भीती होती. पण पाना ठेवला नाही.

‘‘माझी काळजी असंल तर बाजूला हो,’’ मी म्हटलं.

तो बाजूला झाला. बोल्ट नवीन होते, कडक बसलेले. दोन मी काढले, शेवटचा निघेना, तेव्हा दादानंच माझ्या हातातून पाना घेतला आणि खाली बसला. गार्ड निघाल्यावर मी हँडल जागेवरच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. कुठं अडलं नाही. चाची मागं तशीच बसून होती. आता म्हणाली, ‘‘चल बेटी, दवाखाना बंद व्हईल.’’

पहिला गिअर, हँडल पार टोकाला. भिंत आली, नळ आला, चाचीचं दार आलं, आणि रिक्षाचं तोंड बोळाच्या बाहेरच्या बाजूला झालं. ना रिव्हर्स, ना ओरखडा. सरळ काकांच्या दुकानासमोर नेऊन थांबवली. काकांनी ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, रिक्षाला बंदी नाही. पण टेम्पो येणार, त्याचं काय?

त्याचंही आम्हीच बघितलं. बोळाच्या तोंडाशी दोन खांब रोवले, मधून माझी रिक्षा जाईल, टेम्पो अडेल एवढं अंतर सोडून. आणि दादाचा गार्ड काकांच्या ओट्याच्या कोपऱ्याला पक्का बसवला, लाल रंगासकट.

दादा सुट्टीवर आला की अजून त्या गार्डसमोर थांबतो. गेल्या खेपेला म्हणाला, एवढं मजबूत लोखंड, रिक्षाला शोभलं असतं.

मी म्हटलं, ‘‘दादा, ओट्याला कुठं जायचं न्हाई. मला जायचंय.’’