कमीचा आकडा

त्या कचेरीत त्यांना सगळे ‘कमीवाले’ म्हणत. नाव त्यांना होतं, पण वापराअभावी ते कुठेतरी मागे पडलं असावं. चौकातल्या चहाच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत, बाँड, म्हणजे कंपन्यांचे कर्जरोखे, विकणाऱ्या दलालांची ती पेढी होती. खिडकीजवळच्या टेबलाशी कमीवाले तीस वर्षं बसले. ‘कमीवाले’ म्हणजे पगार कमी, असं नवख्याला वाटायचं. पगारही बेताचाच होता म्हणा, पण कारण वेगळं होतं.

ज्या बाँडला कंपनी मुदतीआधी परत बोलावू शकते, त्याचे उत्पन्नाचे आकडे दोन निघतात. एक, बाँड शेवटपर्यंत राहिला तर. दुसरा, कंपनीने मधेच पैसे परत करून तो संपवला तर. कागदावर दोन्ही असतात आणि दलालाची जीभ आपोआप मोठ्याकडे वळते. कमीवाल्यांनी पेढीत शिरस्ता पाडला होता की रोजच्या भावपत्रकात दोघांतल्या लहान आकड्याभोवती लाल गोल काढायचा आणि गिऱ्हाइकाला तोच सांगायचा. मालक कुरकुरायचे, “अहो, अशानं गिऱ्हाईक पळतं.” यावर कमीवाले चष्मा पुसत म्हणायचे, “पळू द्या. जे राहील ते शिव्या तरी देणार नाही.” आणि खरंच, त्यांच्या गिऱ्हाइकांनी त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर परवडलं असतं, असं पुढे एकदा त्यांना वाटलं.

त्यांना एक थोरली बहीण होती. ताई. नवरा गेल्यावर तिच्या हाती विम्याचे पैसे आले, आणि पदरात होता बाबू. बाबू तेव्हा अठ्ठावीसचा होता, दाढीमिशीचा, पण मनाने सहासात वर्षांवरच थांबलेला. गावाबाहेर अशा मुलांसाठी एक निवास होता. तिथे तो टोपल्या विणायला शिकला, वेळेवर जेवायला शिकला आणि घरच्यापेक्षा जास्त हसायला शिकला. निवासाची अट सरळ होती: दहा वर्षं दरसाल पन्नास हजार भरायचे, आणि दहा वर्षांनी पाच लाखांची ठेव द्यायची. मग ती जागा त्याची, तो जिवंत असेपर्यंत. आपल्यामागे याचं कसं, या एका प्रश्नानं ताईची झोप उडाली होती आणि उत्तर या अटीत होतं.

पैसे घेऊन ती भावाकडे आली. पाणीपुरवठ्याच्या एका जुन्या कंपनीचा बाँड तेव्हा बाजारात होता. हजाराचा बाँड, वर्षाला शंभर व्याज, मुदत संपायला दहा वर्षं. व्याजदर उतरत चालले होते, त्यामुळे भाव चढून अकराशे चौतीस झाला होता. ताईने पाचशे घेतले तर वर्षाला पन्नास हजार आणि शेवटी बरोब्बर पाच लाख! चावी कुलपात बसावी तसं बसत होतं. एकच खोच होती. तीन वर्षांनी कंपनीला ते परत बोलावता येत होते, हजाराला एक हजार तीस देऊन.

“दहा वर्षं पुरेल ना रे?” ताईने विचारलं.

कमीवाल्यांसमोर पत्रक होतं. शेवटपर्यंत राहिला तर आठ टक्के. परत बोलावला तर सहाला जरा कमी. लाल गोल त्यांनीच सकाळी काढला होता. पण ताईच्या चेहऱ्यावर किती तरी महिन्यांनी रंग आला होता. ही कंपनी म्हणजे मोठी सुस्त. तिथे फुटकी नळी बदलायलाही चार सह्या लागायच्या, ती बाँड कुठून बोलावणार? शिवाय वर तीस द्यावे लागतील, ते द्यायला जिवावर येईल. असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते म्हणाले, “पुरेल. आठ टक्के पडतात. शांत झोप.”

लहान आकडा त्यांनी सांगितला नाही. आयुष्यात एकदाच, आणि तेही सख्ख्या बहिणीला.

तीन वर्षं गोडीत गेली. व्याज यायचं, ताई ते जसंच्या तसं निवासात भरायची. बाबूला तिथे त्याची स्वतःची खुंटी मिळाली, वर त्याचा फोटो चिकटवलेला. येईल त्याला तो ती खुंटी दाखवायचा. मामाला तर दर भेटीत नव्याने दाखवायचा, आणि मामाही दरवेळी नव्याने थक्क व्हायचा. याच काळात कमीवाल्यांची बायको दीर्घ आजाराने गेली आणि जाताना घरातली शिल्लक घेऊन गेली. त्यांचंही हृदय मग कुरबुर करू लागलं.

एके दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“अरे, कंपनीचं पत्र आलंय! बाँड परत घेतायत म्हणे. आणि ऐक तर, हजाराला तीस जास्त देतायत! पाचशेचे पंधरा हजार वर! आपण बाबूला नवा कोट घेऊ या.”

कमीवाल्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली. “मी संध्याकाळी येतो,” एवढंच ते बोलले.

संध्याकाळपर्यंत ते टेबलाशी बसून राहिले. सुस्त कंपनीत नवा हिशेबनीस आला होता आणि त्याला शहाणपण सुचलं होतं. नवं कर्ज साडेपाच टक्क्यांनी मिळत होतं. जुन्या बाँडमागे तीस एकदाच द्यायचे आणि पुढची सात वर्षं दरसाल चाळीसच्या वर वाचवायचे, हे कुणालाही कळलं असतं. कमीवाल्यांनाही कळत होतं. तीस वर्षं ते दुसऱ्यांना हेच तर समजावत आले होते.

ताईने दार उघडलं तेव्हा टेबलावर कोटांच्या दुकानाचं जाहिरातपत्रक पसरलेलं होतं.

“ताई, ते तीस जास्त नाहीत,” ते बसल्या बसल्या म्हणाले.

“म्हणजे? पत्रात तर लिहिलंय, हजारावर तीस.”

“हजारावर आहेत. पण आपण हजाराला कुठे घेतले होते? अकराशे चौतीसला घेतले. परत मिळणार एक हजार तीस. बाँडमागे एकशे चार गेले.”

ताईने पत्र पुन्हा वाचलं. मग हळू म्हणाली, “पण दहा वर्षांनीही हजारच मिळणार होते ना? मग तेव्हाही गेलेच असते की.”

ताई शिकलेली फार नव्हती, पण तिने नेमकं बोट ठेवलं. कमीवाले म्हणाले, “गेले असते. एकशे चौतीस गेले असते, पण दहा वर्षांत. म्हणजे वर्षाला तेराच्या आसपास. शंभर व्याजातून तेरा वजा, काही जाणवत नाही. आता एकशे चार गेले, ते तीनच वर्षांत. वर्षाला पस्तीस. तीन वर्षांत तुला बाँडमागे तीनशे आले, त्यातले एकशे चार व्याज नव्हतंच. ते तुझेच पैसे तुला परत येत होते, आणि आपण ते व्याज समजून भरून टाकले.”

“मग आठ टक्के?”

“सहासुद्धा पडले नाहीत.”

“आणि आता पाच लाख पंधरा हजार मिळतील, ते पुन्हा दुसरीकडे ठेवले तर?”

“साडेपाचने वर्षाला अठ्ठावीस हजार. फी पन्नास. दरसाल बावीस हजार कमी. मुद्दलातून काढत गेलो तर सात वर्षांनी ठेवीला साडेतीन लाखही उरणार नाहीत.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ताईने जाहिरातपत्रकाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

“हा सहाचा आकडा तुला तेव्हा ठाऊक होता?”

“होता.”

“सगळ्या परक्यांना कमीचा सांगतोस. कौतुक ऐकलंय मी तुझं. मला का नाही सांगितलास?”

त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी चष्मा काढून हातात धरला. ते म्हणाले, “तू इतक्या आशेनं विचारलंस ताई. माझी जीभच उचलेना.”

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उठून त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती निवासात जाऊन आली. संचालकबाई चांगल्या होत्या, पण ठेव कमी करणं त्यांच्या हातात नव्हतं. त्या संध्याकाळी कमीवाले पुन्हा बहिणीकडे आले, मनाशी ठरवूनच.

“वरचे बावीस हजार मी भरत जाईन. मी काही पेढी सोडत नाही.”

“किती वर्षं?”

“सात काय, दहा...”

“थांब.” ताईने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत आहे. तुझं वय मला माहीत आहे. मला कमीचा आकडा सांग.”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तीस वर्षांच्या सवयीने बोटांवर लाल शाईचा डाग पडलेला होता.

“तीन,” ते म्हणाले. “त्यापुढचं धरू नकोस.”

ताईने मान हलवली. “मग आत्ताच आणते त्याला घरी. तीन वर्षांनी तो तिथे आणखी रुळलेला असेल आणि मी आणखी थकलेली. आज अजून हातापायांत बळ आहे. चहा करायला शिकवीन, कुलूप लावायला शिकवीन. पैसे आहेत ते त्याच्यासाठी राहू देत, माझ्यामागे.”

“ताई, माझ्यामुळे...”

“तुझ्यामुळेच,” ती म्हणाली. “पण आज खरं बोललास, म्हणून ठरवता तरी आलं.”

महिनाअखेरीस दोघं बाबूला आणायला गेले. तो व्हरांड्यात विणलेल्या टोपलीत आपले कपडे भरून तयार बसला होता. मामाला बघताच उठला आणि हात धरून त्याला आत ओढत घेऊन गेला. खुंटी दाखवायची राहिली होती. मामा थक्क झाला. नाटक त्याने याही वेळी निभावलं.

“सुट्टी किती दिवस, मामा?” बाबूने विचारलं.

ताईने मान दुसरीकडे वळवली. ‘थोडे दिवस’ हे शब्द कमीवाल्यांच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढे म्हटले असते तर बाबू हसत हसत गाडीत बसला असता.

“सुट्टी नाही रे राजा,” ते म्हणाले. “आता घरीच राहायचं. परत यायचं नाही.”

बाबूला हे शब्द समजायला वेळ लागला, पण समजले. मग त्याने नखाने हळूहळू खुंटीवरचा आपला फोटो सोडवला आणि तो मामाच्या हातात दिला.

“मग खुंटी कुणाची?” त्याने विचारलं.