माणूस तारखेला येईल का?

संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा मी जव्हारच्या कोर्टात दुभाषी होतो. दरबारी राज्य गेलं, नवे कायदे आले, नवे मॅजिस्ट्रेट आले. मी मात्र तिथंच राहिलो, कारण माझ्याशिवाय चालणार नव्हतं. साहेब देशावरचे. समोर उभ्या आरोपीचं बोलणं त्यांना निम्मंही कळायचं नाही. मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. घरी भात आणि नागली पिकवणारी माणसं, आणि त्यांच्यातला मी पहिला मॅट्रिक.

पण माझा खरा मान दुभाषीपणात नव्हता. जामिनाचा अर्ज आला की साहेब कागद बाजूला सारून माझ्याकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "काय वाटतं तुम्हाला? सोडला तर तारखेला येईल का?"

मी जरा थांबून उत्तर द्यायचो. "येईल साहेब. बायको बाळंतीण आहे." किंवा, "सांगता येत नाही." मी 'येईल' म्हटलं की बहुतेक वेळा मुचलक्यावर सुटका व्हायची. घरी परतताना वाटेत लोक हात जोडायचे. ते कायद्याला नाही, मला हात जोडतात हे मला कळत होतं आणि ते मला आवडायचं.

विलीनीकरणानंतर चार-पाच वर्षांनी प्रोबेशनचा अधिकारी म्हणून एक तरुण आला. पंचविशीचा, मुंबईत समाजकार्य शिकलेला. पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्यांची चौकशी करायची, शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कोणाला सोडता येईल ते कोर्टाला कळवायचं आणि सोडलेल्यांवर देखरेख ठेवायची, हे त्याचं काम. पायात बूट, खिशात शाईचं पेन आणि तोंडात सतत "भाऊसाहेब". तो माझ्याशी इतक्या आदरानं बोलायचा की त्याच्यावर रागवायलाही निमित्त सापडायचं नाही.

त्यानं बरोबर एक तक्ता आणला होता. एका कागदावर आठ प्रश्न. राहण्याचं ठिकाण कायम आहे का, काम कायम आहे का, आधी शिक्षा झाली आहे का, कुटुंब एकत्र आहे का, असे. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज केली की माणूस तीनपैकी एका रकान्यात पडायचा: धोका कमी, मध्यम, जास्त.

"अमेरिकेत तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांचा असा हिशोब ठेवलाय," त्यानं साहेबांना सांगितलं. "कोण सुधारला, कोण पुन्हा सापडला, ते बघून हे गुण ठरवलेत. माणसाच्या अंदाजात आवडनिवड येते. यात येत नाही."

साहेबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. "वा!" ते म्हणाले. "म्हणजे मला आता कोणाच्या चेहऱ्याकडे बघायला नको."

चेहऱ्याकडे, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे. त्या दिवसानंतर साहेबांनी मला तो प्रश्न विचारला नाही. तक्ता खरं तर शिक्षेच्या वेळी वापरायचा होता, पण साहेब जामिनालाही तो मागू लागले. तो तरुण एकदा चाचरत म्हणाला, "साहेब, पुन्हा गुन्हा करणं वेगळं आणि तारखेला न येणं वेगळं." साहेबांनी हात हलवला. "धोका तो धोका." त्यानं मुकाट तक्ता पुढे केला, आणि मला बरं वाटलं.

लोक आता त्याला हात जोडू लागले. मी त्याच्या शेजारी उभा राहून फक्त प्रश्न विचारायचो आणि उत्तर मराठीत सांगायचो. पुढे त्यानं उत्तरं लिहिण्याचं कामही माझ्यावर सोपवलं. "तुमच्याइतकं यांचं बोलणं मला कळत नाही, भाऊसाहेब." त्याचं ते अक्षर, ते इंग्रजी, साहेबांबरोबर चहा पिणं, सगळं मला टोचायचं. जेवताना बायकोला मी त्याच्याबद्दलच सांगत बसायचो. एकदा ती म्हणाली, "एवढं लक्ष तर तुम्ही माझ्याकडेही दिलं नाहीत." मी ताट सारून उठलो.

तक्ता कुठंतरी फसावा म्हणून मी वाट बघत होतो. फसत नव्हता. ज्यांना 'कमी' आलं ते तारखेला येत होते.

मग भातकापणीच्या तोंडावर मोखाड्याकडच्या सूर्यमाळ पठारावरचा एक माणूस आणला गेला. तिशीचा, अंगानं बारीक. ठेकेदारानं तोडून ठेवलेल्या सागातले दोन ओंडके चोरल्याचा आरोप. फौजदारानं जामिनाला विरोध केला. साहेब म्हणाले, "तक्ता भरून आणा."

व्हरांड्यात मी त्याला पहिला प्रश्न विचारला. "राहतोस कुठं?"

"माळावं. दुसरं कुठं?"

"बारा महिने?"

"दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातो. पाणी आटतं ना. होळीला परत येतो."

मला सगळं ठाऊक होतं. भट्टीवर जाणारा माणूस घर सोडून गेलेला नसतो. माळावरचा प्रत्येक जण असाच जातो आणि होळीला परत येतो. माझा बापही गेला होता. मी 'ठिकाण कायम' लिहून शेजारी दोन ओळींचा खुलासा करू शकलो असतो. तक्त्याचा प्रश्न मात्र होता, वर्षभर एकाच जागी राहतो का. मी लिहिलं: नाही. काम कायम? नाही. आधी शिक्षा? गवत आणि जळण आणल्याबद्दल जंगलखात्याचा दंड दोनदा झाला होता. मी लिहिलं: होय, दोन.

प्रत्येक उत्तर अक्षरशः खरं होतं. मी ते लिहिताना माझ्या मनात तो माणूस नव्हता. आता हा तक्ता काय करतो ते साहेबांनी बघावं, एवढंच मनात होतं.

बेरीज 'जास्त' मध्ये गेली. साहेबांनी बेरीज बघितली आणि जामीन नाकारला. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं होतं ते चमकतील, मला विचारतील. त्यांनी पुढचा कागद घेतला.

बाहेर त्याची बायको पोर कडेवर घेऊन उभी होती. "आमी पळून जाऊ कुठं, दादा? आमच्या मुलखात पाणी न्हाय, परमुलखात कोण देईल?"

"माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो. असं मी तोवर कधीच कोणाला म्हटलं नव्हतं.

महिन्याभरात तीन तारखा पडल्या. ठेकेदाराचा माणूस साक्षीला येईना. तिसऱ्या तारखेला तो माणूस हवालदारापाशी बसला होता, आणखी बारीक झालेला. त्याच्या भाताचं काय झालं ते त्याच्या बायकोनं मला आधीच सांगितलं होतं. निम्मं शेजाऱ्यांनी कापून दिलं, निम्मं डुकरांनी तुडवलं. त्यानं मला खुणेनं बोलावलं.

"त्या दिवशी तू कागदावर काय लिवलं? वाचून दाव."

तोवर कोणत्याही आरोपीनं तो कागद मागितला नव्हता, आणि आम्हीही कोणाला वाचून दाखवला नव्हता. मी फाइल आणली आणि वाचलं. "ठिकाण कायम नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मी असं न्हाय म्हनलो. मी म्हनलो माळावं राहतो." मग म्हणाला, "तू तर आमच्याच बाजूचा ना?"

त्या दुपारी मी त्या तरुणाच्या टेबलाशी गेलो. कबुली द्यायला गेलो असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मी त्याला खाली बघायला लावायला गेलो होतो. "तुमचा तक्ता मुंबईतल्या चाळीत राहणाऱ्या माणसाला ठीक," मी म्हणालो. "इथं पाड्यावरचा प्रत्येक माणूस त्यात धोक्याचा ठरतो. आणि दंड? जंगलचा गार्ड ज्या वाटेनं जातो तिथल्याच लोकांना दंड होतो. तुम्ही माणूस मोजत नाही, गार्डाची पायपीट मोजता."

तो चिडेल असं मला वाटलं. तो उठून उभा राहिला. "हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत, भाऊसाहेब?"

"कोणी विचारलं नाही."

"बसा," तो म्हणाला. "रजिस्टर काढू."

दोन दिवस आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. तक्त्यानं 'कमी' म्हटलेले बहुतेक आले होते, हे खरं. पण 'जास्त' म्हटलेल्यांचं काय? ते सगळे तुरुंगात. सुटलेच नाहीत, तर आले असते की नसते हे कसं कळणार? "म्हणजे हा चुकला तरी आपल्याला कधी दिसलंच नसतं," तो हळू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. मी मनातल्या मनात खूश झालो.

मग त्यानं मागची पानं उलटली. तक्त्याच्या आधीची, माझ्या सल्ल्याची. साहेब समासात लिहून ठेवायचे: दुभाष्याचं मत अनुकूल, दुभाष्याचं मत नाही. तो एकेक गाव वाचत गेला आणि त्याचं बोट समासावर थांबलं. मलाही दिसलं. मोखाड्याकडचे, माझ्या ओळखीच्या पाड्यांवरचे लोक: अनुकूल. दाभोशाकडचे, ज्यांना मी ओळखत नव्हतो: मत नाही. त्यातले जे कसेबसे जामीनदार देऊन सुटले होते, तेही तारखेला आलेच होते.

त्यानं मला एका शब्दानं टोचलं नाही. रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "आपण दोघंही चुकलो." आपण दोघंही! मी त्याच्या जागी असतो तर एवढं मोठं मन दाखवलं नसतं, आणि हे कळणं मला कोणत्याही अपमानापेक्षा जड गेलं.

साहेबांपुढे तोच बोलला. मी लिहिलेल्या उत्तराचं मी स्वतः सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग रागानं म्हणाले, "म्हणजे मी विश्वास ठेवू तरी कशावर? यांच्या कानावर की तुमच्या कागदावर?"

"एकट्या कशावरच नको, साहेब," तरुण म्हणाला. "कागद आरोपीला वाचून दाखवू. त्याला खोडता आला पाहिजे. आणि हुकुमात बेरीज नको, कारण लिहा."

साहेबांना ते 'कारण लिहा' आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या माणसाला बोलावून माझ्यामार्फत एकेक प्रश्न पुन्हा विचारला आणि मुचलक्यावर सोडलं. हुकुमात कारण लिहिलं: घर व शेत सूर्यमाळ येथे, भट्टीवर हंगामापुरता. तक्ता जामिनासाठी बंद झाला. शिक्षेच्या वेळी तो फाइलला लागत राहिला, पण त्याच्या मागे तरुणाचं पाड्यावर जाऊन लिहिलेलं पानही असायचं.

खटला चालला तेव्हा त्या माणसानं ओंडके नेल्याचं कबूल केलं. घराचे खांब कुजले होते. जंगलाचे जुने दंड असूनही साहेबांनी त्याला वर्षभराच्या हमीवर, प्रोबेशनच्या देखरेखीखाली सोडलं. तो एकदाही चुकला नाही. भट्टीवर गेला तरी हजेरीच्या दिवशी चालत यायचा. येताना त्या तरुणासाठी कधी रानातले कंद, कधी वालाच्या शेंगा आणायचा. व्हरांड्यात मी पहिल्याच टेबलाशी बसलेला असायचो. तो मला ओलांडून आत जायचा आणि दोघं मोडक्यातोडक्या भाषेत हसत बोलायचे. अर्धं बोलणं एकमेकांना कळत नसणार. तरी त्यांनी मला कधी हाक मारली नाही.