एक जूनचे एकोणचाळीस टक्के

मी शिकलो तो माझ्या थोरल्या अक्कामुळे. तिसरीतच शाळा सोडून ती वडिलांच्या मेंढ्यांमागे गेली, म्हणून मला दप्तर मिळालं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉम्प्युटर शिकलो आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. तिथं माझ्याकडे आलेलं पहिलं काम म्हणजे प्रेमाचे टक्के सांगणारं ॲप.

त्याच ॲपनं अक्काच्या लेकीचं जमलेलं लग्न अडवलं. मुलगा औंढ्याचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मग त्याच्या मित्रांनी बायोडाट्यावरच्या तारखा ॲपमध्ये घातल्या आणि उत्तर आलं, एकोणचाळीस टक्के. मुलगा म्हणाला, जरा विचार करतो. त्याचा विचार दोन आठवडे चालला. शेवटी अक्कानं मला बोलावून घेतलं.

मी गावी पोचलो. बायोडाट्यावर भाचीची जन्मतारीख एक जून होती. ती पाहून अक्का म्हणाली, "ती तर शाळेतल्या गुरुजीनं टाकलेली. पोरगी झाली महाशिवरात्रीला. यात्रेचे पाळणे लागले व्हते."

आमच्याकडे हे कुणाला नवीन नाही. नाव दाखल करताना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहीत. माझीही तीच आहे.

जुनं कॅलेंडर शोधलं. त्या वर्षी महाशिवरात्र बारा मार्चला होती. तारीख बदलून पाहिली तर एक्याऐंशी टक्के. अक्काचा चेहरा उजळला.

"मंग हेच सांग त्याला. काहून थांबून राहिला?"

मी थांबलो होतो, कारण तो आकडा कसा तयार होतो हे मला बराबर ठाऊक होतं. त्या ॲपचा तक्ताच मी भरला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या दुकानात गेलो. एका उघड्या मोबाईलवर तो वाकला होता. मला पाहून ओशाळला आणि स्टूल पुढे केलं. मी त्याला सगळं सांगितलं. ॲप फक्त तारीख घेतं. सूर्य दरवर्षी त्या त्या तारखेला साधारण त्याच राशीत असतो, म्हणून त्याला ना वेळ लागते ना गाव. आपल्या पत्रिकेतली रास चंद्रावरून निघते, ती वेगळी. मग बारा राशींचा तक्ता. जोड्या अठ्ठ्याहत्तर, कारण मेष-वृषभ आणि वृषभ-मेष एकच. अग्नीचं वायूशी जमतं, पृथ्वीचं जलाशी, एकाच तत्त्वाच्या दोन राशींचं सगळ्यात चांगलं, असं दोन-चार वेबसाइटवर वाचून एका दुपारी मी आकडे घातले. तुमची आठ नोव्हेंबरची वृश्चिक, एक जूनची मिथुन: पंचेचाळीस. पुढे तारखेच्या दिवसावरून मूलांक, त्यांचाही तसाच तक्ता. आठ आणि एक: तीस. राशीचे साठ टक्के, मूलांकाचे चाळीस. सत्तावीस अधिक बारा, एकोणचाळीस. तिसाच्या खाली आकडा जाऊ द्यायचा नाही, लोक ॲप काढून टाकतात, असं साहेबांनी बजावलं होतं. एकाही खऱ्या जोडप्याचा संसार आम्ही कधी तपासून पाहिला नव्हता.

खरी तारीख घातली की एक्याऐंशी होतात, हेही सांगितलं. तो हसला.

"मग झालं की मामा. चांगलंच आहे."

"तुमच्या आईवडिलांच्या तारखा घाला," मी म्हणालो.

दोघांच्याही आधारकार्डावर एक जून होती. त्र्याऐंशी टक्के आले. त्यानं माझ्या आईवडिलांच्या विचारल्या. एक जून, एक जून. त्र्याऐंशी. मग त्याच्या चुलत्या-चुलतीच्या. तेच.

"आमचे आईबाप चहात साखर किती यावरून रोज भांडतात," तो म्हणाला. "गुरुजीनं सगळ्या गावाचं जमवून ठेवलंय की मामा."

आम्ही दोघंही हसलो. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून त्यानं विचारलं, "ती रागावली असंल ना?"

"ते तिलाच विचारा."

त्यानं विचारलं. भाचीनं त्याला आठ दिवस झुलवलं आणि मग होकार दिला. तोवर मी पुण्याला परतलो होतो. नुसते एक्याऐंशी सांगून मोकळा का झालो नाही, म्हणून अक्का माझ्यावर रुसली होती. अक्षर लावत लावत तिला वाचता येतं, म्हणून मोठ्या अक्षरात हे पत्र लिहून पाठवलं.

"अक्का,

एक्याऐंशी मीच लिहिलेले होते आणि एकोणचाळीसही मीच. पोरीचं लग्न माझ्या आकड्यावर उभं राहिलं असतं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या आकड्यानं पडलं असतं. आता तो आकडा पाहून नाही, तिला पाहून येतोय.

तुझीही एक जूनच, खरी जन्मतारीख कुठंच लिहिलेली नाही. मी शाळेत राहावं म्हणून तू तिसरीतच शाळा सोडलीस. आईला विचार, कोणता सण होता. कॅलेंडर मी शोधतो. ॲपसाठी नाही. त्या दिवशी मला तुझ्यासाठी लुगडं घेऊन यायचं आहे.

तुझा भाऊ"