उघाडीवरचा डबा

आबांची सून त्या दिवशी मला फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, खांड गेली." खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतांच्या त्या पट्ट्यात, हे दोन शब्द ज्याला कळतात त्याला पुढचं विचारावं लागत नाही. खाडीचा बांध फुटला होता आणि भरतीचं खारं पाणी लावणी झालेल्या शेतात शिरलं होतं. मी तेव्हा पालीजवळ एका धरणाच्या पाटावर काम करत होते. हातात पाना होता. तो खाली ठेवला आणि तिथेच चिखलात बसले, कारण त्या बांधावरचा पहारा आम्ही बसवलेल्या यंत्राच्या डब्याकडे होता.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. पनवेलमधल्या एका चारजणांच्या कंपनीत कामाला होते. आम्ही पाण्याची पातळी, पाऊस, खारटपणा मोजणारी छोटी यंत्रं बसवायचो. वीज नसते अशा जागी ती बसतात, म्हणून प्रत्येकाला एक लहानसं सौर पॅनेल आणि आत एक सेल. धरमतरच्या खाडीकडेच्या त्या गावात आम्ही शिमग्याच्या सुमारास गेलो होतो. बांधात एक उघाडी होती, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडणारं दार. त्याला बाहेरून लाकडी झडप. ओहोटीला झडप आपोआप उघडते, भरतीला पाण्याच्याच दाबाने बंद होते. झडपेच्या आतल्या बाजूला, शेताच्या नाल्यात, आम्हाला पातळी आणि खारटपणा मोजणारा सेन्सर बसवायचा होता. भरतीच्या वेळी आतलं पाणी खारट व्हायला लागलं, तर गावातल्या पाच फोनवर संदेश जाणार.

आबा तेव्हा सत्तरीच्या पुढचे. त्या बांधाची राखण ते कोणी न नेमता करत आले होते. पुनवेच्या आणि अमावास्येच्या उधाणाला हातात काठी घेऊन पूर्ण बांध चालायचे. खेकड्यांची बिळं बघायचे, उघाडीशी उतरून आतलं पाणी बोटाने जिभेवर लावायचे. गुडघे मात्र गेले होते. घरी सून आणि दोन लहान नाती. मुलगा न्हावा शेव्याला बंदरात कंटेनरच्या कामावर, आठवड्यातून एकदा यायचा. शेती सूनच बघायची.

मी खांबावर डबा बसवत असताना आबा खाली उभे राहून बघत होते. पॅनेल तळहाताएवढं, जरा मोठं.

"येवढ्याशा काचेवर चालनार हां?" त्यांनी विचारलं.

"चालणार आबा. दिवसा ऊन साठवतो, रात्री तेच खातो."

"आनि पावसात?"

"दहा दिवस ऊन नसलं तरी चालेल एवढं आत साठवलेलं आहे."

हे मी छातीठोकपणे बोलले. हिशेब माझाच होता, वहीत लिहिलेला. पाव तासाने एकदा यंत्र जागं होणार, मोजणार, मोबाइलच्या नेटवर्कवरून आकडा पाठवणार, झोपणार. कार्यालयातल्या टेबलावर मी मीटर लावून बघितलं होतं. पाठवायला वीस सेकंद लागत होते. त्याप्रमाणे दिवसाचा खर्च काढला, सेलमधला साठा त्याने भागला. दहा दिवसांच्या वरच उत्तर आलं.

चैत्र-वैशाखात डबा उत्तम चालला. एकदा संध्याकाळच्या भरतीला झडपेत शेवाळ अडकून पाणी झिरपलं, तर संदेश गेला आणि सुनेने जाऊन ते काढलं. गावात त्याचं फार कौतुक झालं. जूनमध्ये मी परत गेले तेव्हा आबा ओटीवर बसून जाळं शिवत होते.

"यंदा बांधाला गेला नाहीत?" मी विचारलं.

"तुजा डबा बोलतो तर मी कशाला चिखल तुडवू, पोरी? हिनं मना दारात कडी लावलीय." त्यांनी सुनेकडे हात केला. ती आतून हसली. मीही हसले. म्हातारा माणूस निसरड्या बांधावरून वाचला, याचा मला आनंदच झाला होता.

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ खाली उतरलं. चार दिवस दुपारीसुद्धा घरात दिवा लावावा लागत होता. पाऊस थांबत नव्हता. त्याच दिवसांत खाडीतून वाहत आलेला एक ओंडका झडपेच्या फटीत अडकला. झडप वीतभर उघडी राहिली. अमावास्या जवळ आलेली, भरती रोज वाढत होती. रोज पाणी त्या फटीतून जोराने आत यायचं आणि उघाडीच्या बाजूची माती थोडी थोडी घेऊन जायचं. ओहोटीला दोन माणसांनी पहारीने ओंडका काढला असता. पण कोणाला कळलंच नाही. ओंडका अडकायच्या आधीच आमचा सेल संपला होता.

गावाला वाटलं, संदेश नाही म्हणजे सगळं ठीक आहे. मी मधल्या एका दिवशी संगणकावर त्या उघाडीचं पान उघडलं होतं. तिथे शेवटचा आकडा आणि हिरवा ठिपका दिसत होता. आकडा चांगला होता. खाली बारीक अक्षरात वेळ होती. ती दोन दिवसांपूर्वीची होती. मी ती वाचली नाही. पुढच्या कामाची गाडी खाली उभी होती, मी पान बंद केलं.

अमावास्येच्या दुपारी साडेबाराच्या भरतीला उघाडीच्या शेजारचा बांध गेला. आठ-दहा हात रुंद खांड. जेवायला बसलेली माणसं आवाज ऐकून धावली, पण उधाणापुढे कोण काय करणार. महिन्याभरापूर्वी लावलेली रोपं पाण्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ओहोटी होती. गावकीतली माणसं पोत्यांत माती भरून रांगेने देत होती. मी खांबापाशी गेले आणि डबा उघडला. आत थेंबभरही पाणी नव्हतं, तारा ठीक, काहीच बिघडलेलं नव्हतं. सेल रिकामा होता. मी पिशवीतला भरलेला सेल घातला, मीटर लावला आणि घड्याळ बघत उभी राहिले. यंत्र जागं झालं, नेटवर्क शोधायला लागलं. वीस सेकंद गेले. एक मिनिट गेलं. अडीच मिनिटांनी आकडा गेला.

खाडीकाठी नेटवर्क अगदी क्षीण होतं. दर पाव तासाला यंत्र अडीच मिनिटं धडपडत होतं आणि शोधताना वीजही जास्त ओढत होतं. दहा दिवसांचा साठा तिथे दोन दिवसांचा होता. उन्हाळ्यात रोजचं ऊन रोजचा खर्च कसाबसा भागवत होतं, म्हणून काही दिसलं नाही. आषाढातल्या त्या उजेडात तेवढंसं पॅनेल खर्चाच्या पाव हिश्श्याएवढंही भरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सेल संपला. शिमग्याला याच खांबाशी उभं राहून मीटर लावला असता तर तेव्हाच कळलं असतं. मीटर माझ्या पिशवीतच होता.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. कंपनीचे मालक म्हणाले होते, अतिवृष्टी झाली एवढंच सांग. मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. टेबलावर मोजलं, इथे मोजलं नाही, आणि पान बघूनही वेळ वाचली नाही. मागून एकजण म्हणाला, "मंग आता आमी काय खावाचा?"

आबा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "चूक माजी बी हाय. डबा तिचा, पन डोलं माजं होतं. मी घरात बसलो."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुनेने मात्र सरळ विचारलं. "ताई, डबा मरायला लागला की तो आधी सांगत का नाही? माणूस पन सांगतो, बरं वाटत नाय म्हनून."

त्या एका प्रश्नावर मी पुढचे दोन महिने काम केलं. पॅनेल कितीतरी मोठं घेतलं, पावसाने धुऊन निघेल असं तिरकं बसवलं. चार सेल जोडले. अँटेना उंच बांबूवर नेली. मोजायचं पाव तासानेच, पण पाठवायचं तासाला एकदा, आणि पाणी खारट झालं तरच ताबडतोब. प्रत्येक संदेशात सेलचा विद्युतदाब, म्हणजे आत किती वीज उरली, हेही जाऊ लागलं. दोन तास काहीच आलं नाही तर पाचही फोन वाजायचे. हे सगळं मी बांधावर उभी राहून मोजलं, भर पावसात, तीन वेगवेगळ्या दिवशी.

गावाने तो डबा बसवू दिला. पण त्या जमिनीला आता त्याचा काय उपयोग होता. एकदा खारं पाणी बसलं की भात लगेच येत नाही. पाऊस मीठ धुऊन नेईल, त्याला दोन-तीन वर्षं जातात. दुसऱ्या वर्षी सुनेने तरीही एका तुकड्यात पेरून बघितलं. रोपं बोटभर वाढली आणि टोकापासून पिवळी पडत गेली.

आबा पुन्हा बांधाला जाऊ लागले होते. कोणी अडवलं तरी ऐकत नसत. गुडघे बांधून, काठी टेकत, बसत उठत जायचे. दुसऱ्या पावसाळ्यात भिजून ताप आला, तो छातीत उतरला. अलिबागला दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी गेले.

मी दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेले. सून चुलीपाशी होती. धाकटी नात माझ्या मांडीवर येऊन बसली.

"रोज सकाळी मला विचारायचे," सून म्हणाली. "सेल किती हाय म्हनून. मी फोनवर बघून आकडा सांगायची. मंगच चहा घ्यायचे. त्या आकड्याचा अर्थ त्यांना कलत नव्हता, मी सांगितला तरी. पन विचारायचे."

"मी आधी यायला हवं होतं," मी म्हणाले.

"आला असता तरी काय झालं असतं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, जमिनीत आता तळं खणायचं ठरलंय. जिताड्याची पिल्लं सोडणार. खाऱ्या पाण्यात मासा तरी वाढतो. नवऱ्याने बंदरातून सुट्टी काढली आहे, जेसीबी सोमवारी येणार.

"भात परत नाही लावणार?"

"आबा होते तवर मन झालं नाय खणायचं. आता कोनासाठी थांबायचं?"

तिने मला जेवायला बसवलं. ताटात भात वाढला आणि वाढता वाढता म्हणाली, "दुकानातला हाय. गोड नाय लागनार." मी म्हणाले चांगला लागतोय. ती आमटी वाढून बाहेर ओटीवर जाऊन बसली. मी ताट रिकामं केलं आणि धुऊन पालथं ठेवलं.