मसाल्याच्या पुडीतल्या कॅलऱ्या

जो माणूस आपल्याला स्वतःची किडनी द्यायला निघालाय त्याच्यावर ओरडायचं कसं, हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मला ते शिकायला हवं होतं. कारण माझ्या धाकट्या भावानं मला असा काही ताप दिला की डायलिसिसच्या खुर्चीवर पडल्या पडल्या मी मनातल्या मनात त्याला हजार शिव्या घालायची, आणि फोन आला की गोड आवाजात विचारायची, "काय रं, आज काय खाल्लंस?"

मी अनगोळला राहते. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हापासून आठवड्यातून तीनदा बेळगावच्या एका दवाखान्यात मशीनला जोडून घेते. भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर असतो. त्याची किडनी मला जुळली. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. घरात पेढे आणायचेच तेवढे राहिले होते. आणि डॉक्टर म्हणाले, "आठ किलो कमी करून या." एवढ्या वजनाच्या माणसाची एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर पुढे ताण येणार, आणि मला वाचवायला त्याला धोक्यात घालायला ते तयार नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. पण तेव्हापासून माझं सगळं आयुष्य भावाच्या पोटावरच्या आठ किलोंवर येऊन थांबलं.

आहार सांगणाऱ्या बाईंकडे आम्ही दोघं एकदमच गेलो होतो. हुबळीकडची तरुण मुलगी, कानडी वळणाचं मराठी बोलायची. भावाला तिनं दिवसाच्या सोळाशे कॅलऱ्या बांधून दिल्या. मला कॅलऱ्यांचा त्रास नव्हता. मला मीठ कमी आणि पाणी मोजून. माझ्या तोंडाची चव पार गेली होती, म्हणून मी लाज सोडून विचारलं, "नूडल्स खाल्ल्या तर?" ती म्हणाली, "कधीतरी, थोड्या. उकळून पाणी ओतून टाकायचं. नूडल्सच्या वडीतपण मीठ असतं. पण ती मसाल्याची पुडी? बेडा, आक्का, बेडा! नकोच ती. सगळं मीठ तिच्यातच." माझ्या शेजारी भाऊ शहाण्या मुलासारखा मान डोलावत होता. त्यानं हे सगळं नीट ऐकलं, आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे फोटो येऊ लागले. सकाळी एक भाकरी आणि पालेभाजी, दुपारी एक भाकरी आणि आमटी. इथपर्यंत ठीक. संध्याकाळी वखारीतून आला की ताटभर नूडल्स. त्यात गाजर, कोबी, बीन्स, मटार, वर अंडी. खाली लिहिलेलं, "फक्त ३००. भाजी हाय, अंडं हाय, पुडी न्हाय." रात्री पुन्हा जेवण, तेही मोजून. सगळी बेरीज करून सोळाशेच्या आत. पुढे हात जोडलेलं चित्र.

मी खूश. महिन्यानं वजन केलं तर कपड्यांच्या वजनाइतकाही फरक नाही. पुढच्या महिन्यात तर काटा थोडा वरच सरकलेला. भाऊ म्हणाला, "दवाखान्याचा काटा खराब असंल आक्का. मी रोज काट्यावरच असतो, मला कळतं." दिवसभर तंबाखूची पोती काट्यावर चढवणारा माणूस मला काटा शिकवत होता! मी फोन ठेवला आणि नवऱ्यावर ओरडले. तो बिचारा पेपर वाचत होता. आपली चूक काय हेही त्यानं विचारलं नाही, कारण त्यालाही एव्हाना कळलं होतं की हे ओरडणं त्याच्यासाठी नाही.

भावावर ओरडायची सोयच नव्हती. तो रागावून "जा, न्हाय देत" म्हणाला असता तर? म्हणाला नसता, ते मला माहीत होतं. पण मागणाऱ्यानं किती बोलायचं याला काही मर्यादा असते, आणि ती मर्यादा माझ्या घशात अडकून बसली होती.

शेवटी मशीन नसलेल्या एका दिवशी मी निपाणीची बस धरली. न सांगता गेले. भावजयीनं दार उघडलं आणि म्हणाली, "बरं झालं आलासा वन्सं. तुमचं तुम्ही बघा आता. माझं ऐकत न्हाईत." तेवढ्यात भाऊ आला, हातपाय धुतले आणि मोठ्या आनंदात स्वतःच स्वयंपाकघरात शिरला. "बस आक्का, बघ मी कसं पथ्य करतो त्ये."

मी बसले आणि बघितलं. त्यानं दोन पाकिटं फोडली. एकानं काय होतंय, म्हणाला. दोन्ही मसाल्याच्या पुड्या चिमटीत धरून अशा लांब ठेवल्या की जणू त्या चावतील. मग कढई ठेवली आणि पळीभर तेल ओतलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दुसरी पळी पडत होती. त्यावर कांदा, कोबी, गाजर, बीन्स, मटार. सगळं बारीक चिरलेलं, हे मान्य. मग दोन अंडी फोडून हलवली. उकडलेल्या नूडल्स त्यात टाकल्या. आणि शेवटी डब्यातून शेंगदाण्याचा कूट दोन मोठे चमचे भुरभुरला, वर घरची कांदा-लसणाची चटणी.

"ह्ये तीनशे?" मी विचारलं.

"व्हय की. पाकिटावर बघ, एका पाकिटाच्या तीनशे. दोनाच्या सहाशे. त्यातनं पुड्या काढल्या म्हंजे निम्म्या गेल्या. राहिल्या तीनशे."

"आणि अंडी? तेल? कूट?"

"ती पौष्टिक गं," तो समजुतीनं म्हणाला. "भाजी, अंडं, शेंगा, ह्यास्नी कोण कॅलऱ्यात धरतंय?"

मी फोन काढला आणि आहारवाल्या बाईंना लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. कढईत पडलेलं एकेक सांगत गेले. ती मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "अण्णा, पाकिटावरच्या तीनशे पुडी धरून आहेत. पुडीच्या एकटीच्या जेमतेम वीस. तिच्यात मीठ आहे, कॅलऱ्या नाहीत. मीठ आक्काला नको. तुमच्या कॅलऱ्या सगळ्या वडीत आहेत."

"वडी तर कोरडी अस्ती की, म्याडम."

"तेलात तळून वाळवतात ती. म्हणून तर लवकर शिजते."

मग तिनं बेरीज केली. दोन वड्यांच्या पुड्या सोडून साडेपाचशेच्या वर. दोन अंडी, दीडशे. भाजी, चाळीसेक, ती खरंच निरुपद्रवी. दोन पळ्या तेल, अडीचशेच्या आसपास. कूट, शंभर. सगळं मिळून अकराशेच्या घरात. तीनशे म्हणून रोज संध्याकाळी तो अकराशे खात होता, आणि वर तीन वेळचं जेवण वेगळंच.

मग मात्र माझा तोल गेला. घशात अडकलेलं सगळं बाहेर आलं. "दोन महिने! दोन महिने मी तिथं खुर्चीवर पडून तुझे फोटो बघतीया! जिच्यात काही न्हाय ती पुडी सोडलीस आणि जिच्यात सगळं हाय ते खाल्लंस! मीठ मला नको म्हणून सांगितलं होतं, तुला कुणी सांगितलं पुडी सोड म्हणून?"

भाऊ कढईजवळ उभा होता. गॅस चालूच होता. भावजयीनं पुढे होऊन तो बंद केला.

"कुणी न्हाय सांगितलं," तो म्हणाला. "तू तिथं बिनमिठाचं गिळतीस आणि मी हितं पुडी फोडून खाऊ व्हय?"

"मग एवढं तेल कशाला घातलंस, गाढवा?" एवढंच निघालं तोंडातून.

"पुडीबिगर घशाखाली उतरंना," तो म्हणाला.

आता ह्याला काय म्हणायचं! मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग जास्त होता. माझ्यासाठी त्यानं चव सोडली, आणि ती सोडली म्हणून माझ्याच किडनीची वाट अडवून बसला. फोनवरच्या मुलीचाही आवाज थोडा बदलला होता. तिनं नवी रीत सांगितली: आठवड्यातून एकदाच, आणि तेच रात्रीचं जेवण. एक वडी, एक अंडं, भाजी दुप्पट, तेल छोटा एक चमचा, कूट नाही, आणि मसाल्याची अर्धी पुडी. पावणेपाचशे होतात, म्हणाली. "आणि पुडी घाला, अण्णा. नाही घातलीत तर तुम्ही परत तेल ओतणार."

"मी समोर बसलेय, माझ्यासमोर घाल," मी त्याला सांगितलं. त्यानं ते सगळं कढईतलं बाजूला काढलं, नवी वडी उकळली आणि मान खाली घालून अर्धी पुडी टाकली. वास घरभर पसरला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि मी ते गिळलं. त्यानं चार घास कसेबसे खाल्ले, आणि ताट रिकामं होईपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही.

त्यानंतर वजन उतरू लागलं. सावकाश, पण उतरलं. पावसाळा सरता सरता आठ किलो पुरे झाले आणि डॉक्टरांनी मान डोलावली.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या आदल्या दिवशी भाऊ पिशवी घेऊन अनगोळला आला. पिशवीतून त्यानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत मसाल्याच्या अर्ध्या अर्ध्या पुड्या होत्या, प्रत्येक दुमडून रबर लावलेली. आठवड्याला एक, अशा साठवलेल्या.

"ह्ये काय?"

"तुझा निम्मा वाटा. बरी झालीस की खा."

मी कपाळाला हात लावला. "अरे, नवी किडनी बसली तरी मला मीठ कमीच हाय. दहादा सांगितलंय डॉक्टरांनी."

त्यानं डबा माझ्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाला, "मग चिमूट चिमूट घाल. संपवायची घाई कुठं हाय तुला?"

मी एक पुडी उघडून बघितली. पावसाळी हवेनं मसाल्याचा दगड झाला होता. ती पुन्हा दुमडून रबर लावलं. डबा फडताळात वर ठेवला, आणि त्याला म्हटलं, आता गप जेव आणि झोप, सकाळी दवाखान्यात जायचंय.