मशीन का थांबलं नाही

टेलरमावशींनी साठीला टेकल्यावर इंग्रजीचा वर्ग धरला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दुपारी चार ते पाच. कारण विचारलं तर त्या नातीचं नाव पुढे करत. चार वर्षांची नात दूर परदेशात, इंग्रजीशिवाय तिला काही कळेना. कारण खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. खरी ओढ लेकीची. लेक रविवारी तीन मिनिटं बोलायची: तब्येत, हवा, ठेवते. मावशींनी मग शक्कल लढवली. गृहपाठाचा फोटो काढून रोज लेकीला पाठवायचा, "तपासून दे ग" म्हणून. लेक तपासायची, लाल खुणा करून परत धाडायची. एक अक्षर जास्तीचं नाही. मावशी त्या लाल खुणाही चष्मा पुसून पुसून बघायच्या.

त्या आठवड्यात वर्गात धडा होता 'कशासाठी' सांगण्याचा. मावशींनी फळ्यावर ऐटीत लिहिलं: मी दुकानात जाते, 'फॉर टू बाय' दोरा.

"मावशी, दोन टाके एकाच जागी कशाला?" शिकवणाऱ्या बाई हसल्या. "'फॉर' काढा. नुसतं 'टू', आणि पुढे क्रियापद मूळ रूपात. 'टू बाय'. शेपूट नाही, भूतकाळ नाही."

"आणि ते 'इन ऑर्डर टू'?"

"तेच, पण इस्त्री केलेलं. अर्जात, कार्यालयात शोभतं. क्रियापद तिथंही मूळच."

मावशींना हे पटलं. पण मग त्यांनी लिहिलं की मी कपडे शिवले 'टू' माझी मुलगी शिकली, आणि बाईंनी पुन्हा हात धरला.

"शिवणाऱ्या तुम्ही, शिकणारी ती. माणूस बदललं की 'टू' पुरत नाही. तिथं 'सो दॅट' घ्या आणि मागे अख्खं वाक्य जोडा, तिच्या कर्त्यासकट. आज शिवत असाल तर 'कॅन', तेव्हा शिवलं असेल तर 'कुड'. 'विल'चं तसंच 'वुड'."

"म्हणजे अस्तरसुद्धा कापडाच्या रंगाचंच लावायचं."

"अगदी! आता उद्या नकाराची वाक्यं आणा. अमुक होऊ नये म्हणून मी तमुक केलं. तिथं नुसतं 'नॉट टू' चालायचं नाही. 'इन ऑर्डर नॉट टू' म्हणा, नाहीतर 'सो दॅट' आणि 'वुड नॉट'. आणि पुस्तकातली नकोत, स्वतःची हवीत."

घरी मावशी मशीनपाशी वही घेऊन बसल्या. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला. झालं एक. दोरा तुटू नये म्हणून ताण सैल केला. झालं दुसरं. तिसऱ्याला पेन अडलं. खरं म्हणजे ते अडलं नव्हतं. त्यांना जे लिहायचं होतं ते अकरा वर्षं घशाशी होतं.

अकरा वर्षांपूर्वी परदेशी जायला निघालेली लेक बॅग घेऊन याच खोलीच्या दारात उभी राहिली होती. "आई, निघते." मावशी मशीनवरून उठल्या नाहीत. मान खाली घालून "हो, नीट जा" म्हणाल्या आणि पायडल मारत राहिल्या. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. लेकीनं नंतर एकदाच, आणि तेही हसत म्हटलं होतं, "तुला तर शिवणातून डोकं वर काढायलाही सवड नव्हती." मावशींनी तेव्हा विषय बदलला होता. मराठीत ते सांगायला तोंड उघडलं की डोळे आधी भरायचे.

इंग्रजी परकी भाषा. तिच्यात फक्त नियम पाळायचे होते. मावशींनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं: आय रॅन द मशीन सो दॅट माय डॉटर विल नॉट हिअर मी क्राय. मी मशीन चालवलं, माझं रडणं लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.

फोटो पाठवला आणि लगेच घाबरल्या. काय करून बसले, असं झालं. फोन पालथा ठेवून त्यांनी समोरचा परकर मशीनखाली सरकवला.

तासाभरानं फोन वाजला. लाल खूण नव्हती, खुद्द लेक होती. वारही रविवार नव्हता.

"आई." ती घाईघाईनं म्हणाली, "'रॅन' भूतकाळ आहे ना, म्हणून 'विल' नाही. 'वुड' हवं."

"बरं. करते दुरुस्त. बाकी वाक्य?"

"बाकी बरोबर आहे." पुढचं तिनं एका दमात सांगितलं. "मी जिन्यात थांबले होते ग. बॅग खाली ठेवून. मशीन थांबेल, तू बाहेर येशील म्हणून. ते थांबलंच नाही."

मावशींना हुंदका आला तसा अकरा वर्षांच्या सवयीनं पाय आपोआप पायडलवर पडला आणि मशीन खडखडू लागलं.

"आई, मशीन चालू आहे का?" लेकीनं विचारलं.

मावशींनी पाय काढला. चाक दोन फेरे फिरून थांबलं, आणि मावशी लेकीला ऐकू जाईल अशा रडल्या.