मार्गळीतली साखर

आमच्या यजमानांच्या बोटांतून रक्त काढणं हे मद्रासच्या मैलापुरातल्या आमच्या घरातलं रोजचं युद्ध होतं, आणि रोज सकाळी मी ते हरलेल्या सैनिकासारखी बघत उभी असे. एका हातात डोशाचं उलथणं, डोळा घड्याळावर. शाळेची बस शिक्षिकेसाठीही थांबत नाही.

गिंडीच्या कारखान्यात तीसेक वर्षं लोखंडावर कानस चालवून त्यांच्या बोटांची टोकं चपलेच्या तळव्यासारखी झाली होती. त्यात मधुमेहाच्या साखरेने नसा खाल्ल्या. बोटांना बधिरपणा आला आणि वर हाताला कंप. सुई टोचली तरी त्यांना कळायचं नाही; रक्त आलं नाही की आणखी टोचायचे. मग बोटाचं टोक लिंबासारखं पिळायचे. असं पिळलं की रक्ताबरोबर पाणी येतं आणि आकडा चुकतो, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. हात आधी खाली सोडून ठेवा, टोकाच्या मध्ये नको, कडेला टोचा, तिथे कातडी मऊ असते, तळहाताकडून हळूहळू रक्त पुढे आणा. हे सगळं ते ऐकायचे. पण थेंब जमला की हात थरथरायचा आणि थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीऐवजी धोतरावर पडायचा. पट्ट्या तेव्हा महाग होत्या आणि सहज मिळतही नसत. तो लाल ठिपका बघून माझ्या कपाळाची शीर उठायची.

"मी धरते ना हात," मी म्हणायची.

"नको गं. मज येतं," ते म्हणायचे. तंजावरकडची त्यांची मराठी, माझी पुण्याची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दोन्ही आपापल्या जागी ठाम होत्या.

त्यांनी स्वतःच तपासायचं यावर ते अडून बसले होते. नोकरी सुटली, स्कूटर सुटली, सही वेडीवाकडी झाली. एवढं एकच काम त्यांचं त्यांच्याकडे उरलं होतं. ते आकडा सांगत, त्याप्रमाणे मी इन्सुलिन भरून टोचत असे आणि पळत असे. नंतर दुपारी चारपर्यंत ते घरात एकटे. आकडा चुकला तर इन्सुलिन चुकणार आणि बघायला कुणी नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टर मला स्पष्टच म्हणाले होते, हे असं जमत नसेल तर तुम्ही नोकरी सोडा. माझ्या पगारावर घर चालत होतं. सोडा म्हणे!

त्या वर्षी मार्गळी लागली आणि त्यांचे सकाळचे आकडे चढायला लागले. मार्गळी म्हणजे आपल्याकडचा धनुर्मास. पहाटे देवळांतून गाणी, दारात मोठ्या रांगोळ्या, आणि आमच्या घरी महिनाभर रोज देवाला पंचामृताचं स्नान. एरवी साधं पाणी चालायचं. पूजेआधी घरात रक्ताचा थेंब दिसला तर त्यांना पुन्हा अंघोळ करावी लागे, म्हणून तपासणी नेहमी पूजेनंतर आणि खाण्याआधी.

आकडा तीनशेच्या घरात. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सरळ विचारलं, "देवळात चक्करा पोंगल खाता ना?" गूळ आणि तुपाचा तो भात तिथे पहाटे द्रोणातून वाटतात आणि हे तर त्यासाठी जीव टाकायचे.

"देवाशपथ नाही," ते म्हणाले.

माझा विश्वास बसला नाही, आणि आजही असाच प्रसंग आला तर बसणार नाही. मधुमेह्याची शपथ आणि मांजराचा उपास, दोन्ही सारखेच. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. आकडा तरीही उतरेना. पुन्हा वाढवलं.

मग एके दिवशी वर्ग चालू असताना शाळेत फोन आला. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामी होत्या. यजमान जिन्यात बसलेत, घामाने निथळतायत, सदरा उलटा घातलाय आणि गिंडीची पाळी चुकेल म्हणून रागावतायत. मी फोनवर ओरडले, "साखर उतरलीय त्यांची. शुद्धीवर आहेत ना? मग आधी साखरेचं पाणी पाजा, बाकी काही करू नका." वर्ग तसाच सोडून मी रिक्षा पकडली. मला भीती वाटत होती, आणि तितकाच रागही येत होता. त्यांचा, डॉक्टरांचा, त्या यंत्राचा. पोहोचले तोवर ते सावरले होते. मामींच्या खुर्चीत लहान मुलासारखे बसून इडली खात होते. माझ्याकडे बघेनात.

डॉक्टरांनी वाढवलेलं इन्सुलिन पुन्हा कमी केलं आणि उद्या तुमच्या देखत तपासायला लावा, असं मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पूजा झाली, ते सोवळं बदलून आले. नेहमीप्रमाणे आकडा तीनशेच्या आसपास. काल साखर उतरून बेशुद्ध पडायची वेळ आली होती, तोच हा माणूस! यंत्रच बिघडलं असणार म्हणून दुसरी पट्टी काढली आणि या खेपेस न विचारता मी त्यांचा हात ओढला.

माझं बोट त्यांच्या बोटाला चिकटलं.

मी वास घेतला. मध. पंचामृत ते बोटांनी कालवायचे आणि मग पळीभर पाणी हातावर सोडून तेच धोतराला पुसायचे. देवाच्या कामाला तेवढं पुरे. मी त्यांना नळाखाली नेलं, साबणाने दोन्ही हात धुतले, कोरडे केले आणि दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं. पहिला थेंब पुसून टाकला, दुसरा पट्टीवर घेतला, तेव्हाच्या यंत्राला लागे तसा मिनिटभर थांबून पुसला. आकडा दीडशेच्याही आत. महिनाभर आम्ही देवाचा मध मोजत होतो आणि इन्सुलिन त्यांना टोचत होतो.

"अहो, हात चिकट होते तुमचे! कळलं कसं नाही?"

ते अंगठा बोटांवर घासत राहिले. "मज तर कोरडेच वाटले गं," ते म्हणाले.

मला रडू आलं. सुटल्याचं होतं की दमल्याचं, कोण जाणे. नोकरी सोडावी लागणार नव्हती, ते एकटे राहू शकणार होते. फक्त हात धुवायचे होते. एवढ्याशा गोष्टीपायी माणूस जाता जाता राहिला.

त्यानंतर त्यांनीच एक पद्धत पाडली. हात धुऊन यायचे आणि माझ्यापुढे पालथे धरायचे, शाळेतली पोरं नखं दाखवतात तसे. "बघ, चिकट आहेत का?" मी एकेक बोट चेपून बघायची आणि मगच सुई. टोचायचे मात्र तेच. मी थकलेली असे, दूध उतू जात असे, पण हे मी चुकवलं नाही.

पुढच्या वर्षीच्या एका सकाळी असेच हात पुढे करून, मान वळवून ते खिडकीबाहेर बघत उभे होते. 

"धर ना गं," ते म्हणाले. "उशीर होतो तुज."

मी केव्हाचीच त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होते.